हँडल वळवलं की रेस का वाढते?

बाजारातून पार्किंगमधून गाडी काढताना हँडल पूर्ण डावीकडे वळवलं आणि मुठीला हात न लावता इंजिन गुरगुरलं, तर बहुतेक जण स्लोचा स्क्रू फिरवून मोकळे होतात. रेस उतरते, पण दोष तसाच राहतो. हँडल वळताना एक्सिलरेटरची केबल ताणली जाते. तिच्यात ढील नसेल तर ती कार्ब्युरेटरचा पिस्टन वर ओढते.

ही ढील मोजायला इंजिन बंद असावं. मुठीच्या आतल्या कडेवर आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर पेनाने समोरासमोर खूण करावी. मूठ अलगद फिरवली की आधी ती मोकळी फिरते, मग हाताला ओढ लागते. तोवर कडेवरची खूण जितकी सरकली तितकी ढील. बऱ्याच छोट्या गाड्यांना २ ते ६ मिलिमीटर चालते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो.

समजा, १०० सीसीच्या एका गाडीची खूण जेमतेम अर्धा मिलिमीटर सरकली. मुठीजवळचं रबराचं टोपण मागे सारलं की केबलवर अ‍ॅडजस्टर आणि त्याचा लॉकनट दिसतो. लॉकनट सैल करून अ‍ॅडजस्टर आत फिरवला की ढील वाढते, बाहेर काढला की कमी होते. खूण ३-४ मिलिमीटर सरकू लागली की लॉकनट आवळून पुन्हा मोजावं, कारण आवळताना अ‍ॅडजस्टरही थोडा फिरतो. तो पूर्ण आत जाऊनही ढील मिळत नसेल, तर कार्ब्युरेटरकडच्या टोकाचा अ‍ॅडजस्टर वापरावा.

मग गाडी मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये, मेनस्टँडवर चालू करून गरम होऊ द्यावी आणि हँडल दोन्ही टोकांपर्यंत फिरवावं. ढील पुरेशी असूनही रेस वाढली तर केबल चुकीच्या वाटेने ओवलेली आहे किंवा कुठेतरी दबते आहे. नवी केबल टाकल्यावर हे हमखास तपासावं.

मूठ सोडल्यावर टचकन मागे न येणं हे वेगळं दुखणं. ढील बरोबर असूनही ते असू शकतं. आधी हौसेने बसवलेल्या नव्या ग्रिपवर संशय घ्यावा: ती जास्त आत सरकली की स्विचच्या डब्याला घासते. तसं नसेल तर इंजिन बंद करून केबलचं वरचं टोक मुठीतून सोडवावं. मूठ आता सहज फिरते, पण केबल हाताने ओढून सोडल्यावर रखडत परतते, तर दोष केबलमध्ये किंवा कार्ब्युरेटरमध्ये. खालचं टोकही सोडवून नुसती केबल मागेपुढे सरकवली की दोघांतला गुन्हेगार कळतो. कोरड्या केबलला वरून पातळ तेल सोडावं. ग्रीस नको, ते धूळ धरून ठेवतं. आतली एक जरी तार तुटलेली दिसली तर तेलाच्या भानगडीत न पडता केबल बदलावी.

दोन केबलच्या गाडीत ओढणारी आणि परत आणणारी अशा दोन्ही केबलचा मेळ पुस्तिकेप्रमाणेच घालावा लागतो. आणि चालत्या गाडीत मूठ अडकलीच, तर क्लच दाबून इंजिनचा किल स्विच बंद करावा. तो नसेल तर क्लच दाबून ब्रेक लावत बाजूला थांबावं आणि मगच चावी फिरवावी.