चारही वाटा सारख्याच लांबीच्या

डेटा सेंटरमधल्या प्रत्येक रॅकच्या माथ्यावर एक स्विच असतो. त्याला लीफ म्हणतात. समजा, रॅकमधले 48 सर्व्हर प्रत्येकी 10 गिगाबिटच्या केबलने त्याला जोडले आहेत. त्याच्या वरच्या थरात चार स्पाइन स्विच आहेत. जोडणीचा नियम एकच: प्रत्येक लीफची एकेक केबल प्रत्येक स्पाइनला जाते. लीफ लीफला जोडायचा नाही, स्पाइन स्पाइनला जोडायचा नाही.

पहिल्या रॅकमधून विसाव्या रॅकमध्ये माहिती पाठवायची, तर ती आपल्या लीफवरून एखाद्या स्पाइनवर चढते आणि तिथून विसाव्या लीफवर उतरते. स्पाइन कुठलाही निवडा, मधले टप्पे दोनच आणि केबलचा वेगही तोच. त्यामुळे राउटिंगच्या हिशेबात चारही वाटांचा खर्च सारखा ठरतो आणि चारही एकाच वेळी वापरता येतात. जुन्या पद्धतीत जादा केबल टाकली, तरी माहिती गोल गोल फिरत राहू नये म्हणून स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल तिला बंद ठेवत असे.

फॅट-ट्री हे याच घराण्यातलं. फांद्यांपेक्षा खोड जाड हवं, ही कल्पना चार्ल्स लायझरसन यांनी 1985 मध्ये मांडली. 2008 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या संशोधकांनी दाखवलं, की हे जाड खोड साध्या, एकसारख्या स्विचच्या तीन थरांतून उभं करता येतं. 48 पोर्टचे स्विच घेतले, तर 27,648 सर्व्हर जोडले जातात आणि वेगवेगळ्या गटांतल्या दोन सर्व्हरमध्ये 576 समान वाटा मिळतात.

मग वाट निवडायची कोणी? ते काम लीफच करतो. दोन्ही टोकांचे पत्ते, पोर्ट क्रमांक आणि प्रोटोकॉल यांवरून तो एक आकडा काढतो, म्हणजे हॅश. तो आकडाच वाट ठरवतो. एका संवादाची सगळी पॅकेट एकाच वाटेने जातात, म्हणून त्यांचा क्रम मोडत नाही.

अडचण इथूनच सुरू होते. कुठल्या वाटेवर किती गर्दी आहे, हे हॅशला कळत नाही. 10 गिगाबिटचे सहा मोठे प्रवाह योगायोगाने एकाच 40 गिगाबिटच्या केबलवर आले, तर तिथे 60 गिगाबिटची रेटारेटी होते आणि शेजारची केबल मात्र मोकळीच राहते. स्विचचे आकडे पाहिले की हे ओळखता येतं: एक लिंक भरलेली, पॅकेट गळताहेत आणि बाकीच्या लिंक निवांत. छोटे प्रवाह पुष्कळ असतील, तर विभागणी आपोआप समतोल होते.

सगळे सर्व्हर एकदम बोलू लागले, तर मात्र वाटा समान असूनही पुरत नाहीत. खालून 480 गिगाबिट येतात आणि वर चार केबलमधून 160 जातात, म्हणजे प्रमाण तीनास एक. लीफवर पोर्ट शिल्लक असतील, तर आणखी दोन स्पाइन जोडून ते दोनास एक करता येतं. त्या वेळी प्रत्येक जोडीला समान वाटाही चाराच्या सहा होतात.