एका बांधावरच्या दोन विहिरी

एकाच बांधाला लागून दोन विहिरी, दोन्ही सारख्याच खोल. एकीला मे महिन्यातही पाणी असतं, तर दुसरीचा तळ फेब्रुवारीतच दिसतो. असं का होतं?

जमिनीखाली पाण्याची नदी वाहते, असं बऱ्याच जणींना वाटतं. आपल्याकडे तसं नसतं. पाणी खडकाच्या छिद्रांत आणि भेगांत मुरून राहतं. पाणी साठवणाऱ्या आणि विहिरीला देणाऱ्या अशा थराला जलधर म्हणतात.

त्यात दोन गोष्टी पाहायच्या. खडकात मोकळी जागा किती आहे, ही झाली सच्छिद्रता. त्या जागा एकमेकींना जोडलेल्या आहेत का, पाणी पुढे सरकतं का, ही झाली पार्यता. या दोन्ही नेहमी बरोबर असतातच असं नाही. चिकणमाती भरपूर पाणी धरते, पण तिची छिद्रं इतकी बारीक असतात की पाणी त्यातून सुटतच नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हारसाच्या थरांनी बनला आहे. घट्ट काळ्या पाषाणात स्वतःची छिद्रं जवळजवळ नसतात. तो भेगाळलेला असेल तरच भेगांतून पाणी येतं. मांजऱ्या खडकात लाव्हारसातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात, पण ती बहुधा सुटी सुटी असतात आणि पुष्कळदा पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. हा खडक झिजून, फुटून मोकळा झाला की मगच पाणी देतो. त्यावरचा मुरूम पाणी मुरवतोही आणि सोडतोही.

आता आपल्या विहिरी तपासू. दोन्हींचा व्यास 6 मीटर धरा. संध्याकाळी मोटर बंद केल्यावर दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी मोजा. 10 तासांनी, मधे उपसा न करता, पुन्हा मोजा. पहिलीत पाणी 1 मीटर चढलं, म्हणजे सुमारे 28,000 लिटर आलं. दुसरीत 10 सेंटिमीटरच चढलं, म्हणजे 2,800 लिटर. खोली सारखी, पण पहिलीच्या बाजूचा खडक भेगाळलेला आणि दुसरीचा घट्ट. दोन्ही मोजण्या एकाच दिवशी आणि सारख्या उपशानंतर करा. विहीर जास्त रिकामी असली तर पाणी भराभर येतं, आणि पातळी वर आली की मंदावतं.

दुसरीच्या मालकिणीनं कर्ज काढून बोअर घ्यावं का? आधी विहिरीचे थर नीट पाहावेत. ओल कुठून पाझरते? तळाला अखंड काळा पाषाण आहे का? खाली भेग लागली नाही, तर 100 मीटर खोदूनही बोअर कोरडंच जाईल. आणि बोअरला वरच्याच भेगेचं पाणी लागलं, तर ते शेजारणीच्या विहिरीतलंच असू शकतं. अशा वेळी बोअर नवं असतं, पाणी मात्र तेच.