“मी टाकीत उतरणार नाही”

आता गावोगावी संडास झाले. घाण जिथे साठते ती बंद टाकी काही वर्षांनी भरते. मग मालक मजुराला म्हणतो, “जरा आत उतर, बादलीने गाळ काढ.” अशा वेळी मजुराला नाही म्हणता येते का? येते. कसे, ते पाहू.

आधी टाकीत काय असते ते समजून घेऊ. मैला कुजला की त्यातून विषारी वायू निघतो. तो थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की नाकच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस बिनघोर उतरतो आणि दोन-चार श्वासांत कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, तोही पडतो. आपले वाडवडील पेवात कंदील सोडून पाहत. कंदील विझला तर उतरत नसत. इथे ती युक्ती चालत नाही. कंदील जळत राहतो अन् माणूस मरतो. शिवाय टाकीत पेट घेणारा वायूही असतो, म्हणून दिवा, विडी जवळ नेऊ नये.

हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. संरक्षणाची साधने न देता माणसाला गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा त्यात गुन्हा आहे. पहिल्याच वेळी २ वर्षांपर्यंत कैद, किंवा २ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तोंडाला फडके बांधायला दिले, म्हणजे साधन दिले असे नव्हे. फडक्यातून वायू आरपार जातो.

आमच्या आळीतल्या एका गड्यावर हा प्रसंग आला. त्याने मालकाकडून ३०० रुपये उचल घेतली होती. मालक म्हणाले, “उचल घेतलीस, आता उतरावंच लागेल.”

गडी म्हणाला, “मालक, उचल फेडीन. दुसरं कोणतंबी काम सांगा. टाकीत उतरणार नाही.”

त्याचे बरोबर होते. कायद्याने मना केलेल्या कामाचा करार कायद्यापुढे टिकत नाही. उचलीचे पैसे परत करावे लागतात, जीव द्यावा लागत नाही. आधी केलेल्या कामाची मजुरीही मालकाला अडवता येत नाही. गडी चार माणसांसमोर बोलला, हे फार चांगले केले. उद्या कोणी म्हणाले की हा कामचुकार आहे, तर साक्षीदार असतात. जबरदस्ती झालीच तर पोलिसांत जावे. जिल्हाधिकाऱ्यांकडेही लेखी अर्ज देता येतो; हा कायदा पाळला जातो की नाही हे पाहणे त्यांचे काम आहे.

शेवटी तालुक्याहून मैला ओढणारी पंपाची गाडी आली. नळी टाकीत सोडली, माणसे वरच राहिली.

पण खरे ते सांगितले पाहिजे. पुढे खुरपणीला मालकांनी त्या गड्याला बोलावले नाही. रोजंदारीवर कोणाला बोलवावे, हे या कायद्यात लिहिलेले नाही. तेव्हा आळीतल्या मजुरांनी बसून ठरवले, की टाकीत कोणीच उतरायचे नाही. मग मालक एकट्यावर राग धरून काय करणार? पोळ्याच्या आधी त्याला पुन्हा बोलावणे आले.