एक सेंटिमीटर तेलाचा पहारा

विल्हेल्म श्लेंक आणि योहाना होल्ट्झ यांनी १९१७ साली मेथिललिथियम पहिल्यांदा तयार केल्याचं जाहीर केलं. हे पांढरं चूर्ण हवेत आलं की आपोआप पेट घेतं, लाल ज्योतीने जळतं आणि त्यातून सोनेरी ठिणग्या उडतात. असा पदार्थ तयार करायचा, गाळायचा, धुवायचा, एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचा, आणि एवढं सगळं होईपर्यंत त्याला हवा लागू द्यायची नाही! हे काम आज जगभरच्या प्रयोगशाळांत ज्या काचेच्या मांडणीवर चालतं, तिला श्लेंकचंच नाव आहे: श्लेंक लाइन.

तिची रचना बघितली तर विश्वास बसू नये इतकी साधी. काचेच्या दोन जाड नळ्या एकमेकींना समांतर बसवलेल्या असतात. एक व्हॅक्यूम पंपाला जोडलेली, दुसरीत सिलिंडरमधून नायट्रोजन येतो. दोन्हींना सांधणाऱ्या चार-पाच तोट्या असतात आणि प्रत्येक तोटीपासून एक जाड रबरी नळी फ्लास्ककडे जाते. तोटीच्या गाभ्यात दोन तिरकी छिद्रं असतात. तोटी एका बाजूला फिरवली की फ्लास्क पंपाला जोडला जातो, अर्धा फेरा फिरवली की नायट्रोजनला, आणि मध्ये ठेवली की दोन्ही वाटा बंद. ग्रीस नीट लागलं असेल तर हा सांधा काचेसारखा पारदर्शक दिसतो. त्यात पांढुरक्या रेघा दिसल्या तर तिथून हवा आत येणार हे समजावं.

खरी गंमत नायट्रोजनच्या नळीच्या टोकाशी आहे. ते टोक बंद नसतं. ते बबलर नावाच्या छोट्या काचपात्रात उतरतं आणि तिथल्या खनिज तेलात साधारण एक सेंटिमीटर बुडालेलं असतं. जादा नायट्रोजन तेलातून बुडबुडे काढत बाहेर जातो, त्यामुळे सिलिंडरच्या दाबाने काच फुटत नाही. पण एक सेंटिमीटर तेलाचा दाब एक मिलिबारहूनही कमी भरतो, आणि बाहेर हवेचा दाब असतो सुमारे १००० मिलिबार. म्हणजे आतला नायट्रोजन बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम एक हजारांशाने वरचढ असतो. तेवढ्या फरकावर सगळा प्रयोग उभा असतो.

फ्लास्कमधली हवा काढण्यासाठी तो आधी पंपावर रिकामा करतात, मग नायट्रोजनने भरतात, आणि हे चक्र साधारणपणे तीनदा करतात. तीनच का, याचं उत्तर हिशेबात आहे. १०० मिलिलिटरचा फ्लास्क घेतला तर त्यातल्या हवेत २१ मिलिलिटर ऑक्सिजन असतो, म्हणजे सुमारे ०.८६ मिलिमोल. बाजारात मिळणाऱ्या १.६ मोलर ब्युटिललिथियमच्या द्रावणाच्या अर्ध्या मिलिलिटरचा निकाल लावायला एवढा ऑक्सिजन पुरून उरतो, आणि फ्लास्क तर आपल्याला रिकामा दिसत असतो.

आता समजा पंपाने फ्लास्कमधला दाब १० मिलिबारपर्यंत उतरवला. ऑक्सिजनचा वाटा सुरुवातीला २१० मिलिबार होता, तो पहिल्या चक्रानंतर २.१ झाला, दुसऱ्यानंतर ०.०२१ आणि तिसऱ्यानंतर ०.०००२१. पण सिलिंडरमधला नायट्रोजनही अगदी निखळ नसतो. त्यात दर दहा लाखांत पाच भाग ऑक्सिजन आहे असं धरलं, तर १००० मिलिबारला त्याचा वाटा ०.००५ मिलिबार येतो. म्हणजे तिसऱ्या चक्रानंतर फ्लास्कमध्ये उरलेली मूळची हवा ही नायट्रोजनने स्वतः आणलेल्या अशुद्धीपेक्षा कमी होते. त्यापुढे कितीही चक्रं केली तरी ऑक्सिजन आणखी घटत नाही. पंप चांगला असेल आणि दाब १ मिलिबारपर्यंत उतरत असेल, तर हीच पातळी दोन चक्रांतच गाठली जाते.

पाणी मात्र हा हिशेब जुमानत नाही. ते वायूत कमी आणि काचेच्या पृष्ठभागावर जास्त असतं, आणि तिथून सावकाश सुटतं. म्हणून फ्लास्क ओव्हनमध्ये वाळवून गरम असतानाच लाइनला जोडतात आणि पंप चालू असताना हीट गनने बाहेरून शेकतात. घाईघाईने केलेल्या तीन चक्रांपेक्षा हे शेकणं ओलाव्यावर कितीतरी जास्त परिणाम करतं.

एवढी मेहनत वाया जाते ती बहुधा पुन्हा भरण्याच्या क्षणी. १० मिलिबारवर असलेल्या त्या फ्लास्कला भरण्यासाठी ९९ मिलिलिटर वायू हवा असतो, आणि तोटी झटक्यात उघडली तर तो त्याला तत्क्षणी हवा असतो. सिलिंडरकडून नायट्रोजन सेकंदाला दोन-चार बुडबुडे निघतील इतक्याच वेगाने येत असतो. मग उरलेला वायू सर्वांत सोप्या वाटेने, म्हणजे बबलरमधून येतो. लाइनमधला दाब बाहेरच्यापेक्षा खाली जातो, तेल नळीत वर चढतं, आणि त्यापाठोपाठ बाहेरची हवा उलटी आत शिरते. ही हवा एका फ्लास्कपुरती राहत नाही. त्याच नायट्रोजनवर शेजारी कुणाची अभिक्रिया चालू असेल, तर तिच्यापर्यंतही ती पोचते.

म्हणून भरताना नजर फ्लास्ककडे नको, बबलरकडे हवी. आधी नायट्रोजनचा प्रवाह वाढवायचा, बुडबुडे सलग धार धरतील इतका. मग तोटी अगदी तसूतसूने फिरवायची. बुडबुडे मंदावले तर चालेल, थांबता कामा नयेत. थांबून तेल नळीत वर सरकू लागलं तर तोटी लगेच मागे फिरवायची. फ्लास्क भरत आला की बुडबुडे हळूहळू पूर्ववत होतात, आणि तो भरला हे कळण्याची खूणही तीच. आत बारीक पूड असेल तर या संथपणाचा आणखी एक फायदा आहे: ती उडून नळीत जात नाही. पूर्वी तेलाऐवजी पारा वापरत आणि नळी ७६० मिलिमीटरहून उंच ठेवत, कारण कितीही व्हॅक्यूम झाला तरी हवेचा दाब पाऱ्याला त्याहून वर चढवू शकत नाही. पारा विषारी असल्यामुळे ती पद्धत मागे पडत गेली.

तोटीला हातही न लावता हाच प्रकार घडू शकतो, आणि तो जास्त फसवा असतो. फ्लास्कमध्ये २०० मिलिलिटर मोकळी जागा आहे आणि तो सुक्या बर्फाच्या उणे ७८ अंशांच्या पात्रात उतरवला, तर आतला वायू आकसतो आणि ती पोकळी भरायला खोलीच्या तापमानाचा आणखी सुमारे १०० मिलिलिटर नायट्रोजन लागतो. उकळत्या टेट्राहायड्रोफ्युरानखालचं तेलपात्र काढलं की ओढ याहून मोठी असते, कारण तिथे मोकळ्या जागेत वायू कमी आणि बाष्पच जास्त असतं, आणि थंड होताच ते द्रवात परततं. दोन्ही वेळी प्रवाह आधी वाढवायचा, तापमान मग बदलायचं.

पंपाच्या बाजूला धोका वेगळा आणि जिवावरचा आहे. द्रावकांची वाफ पंपात जाऊ नये म्हणून वाटेत काचेचा ट्रॅप असतो, तो द्रव नायट्रोजनमध्ये म्हणजे उणे १९६ अंशांवर बुडवलेला असतो. ऑक्सिजन मात्र उणे १८३ अंशांनाच द्रव होतो. त्यामुळे एखादी तोटी उघडी राहून थंड ट्रॅपमधून हवा खेचली गेली, तर त्यात द्रव ऑक्सिजन साठतो, आणि द्रावकांबरोबर त्याचं मिश्रण स्फोटक असतं. म्हणून आधी पंप सुरू करायचा, लाइन घट्ट आहे याची खात्री करायची, आणि मगच द्रव नायट्रोजन लावायचा. बंद करताना सगळ्या तोट्या मिटून आधी द्रव नायट्रोजनचं भांडं काढायचं, नंतर ट्रॅपमध्ये हवा सोडायची आणि पंप बंद करायचा. व्हॅक्यूम तसाच ठेवून पंप बंद केला तर त्याचं तेलही उलटं लाइनकडे चढू शकतं. आणि ट्रॅपमध्ये फिकट निळा द्रव दिसला, तर भांडं काढायचं नाही, पंप थांबवायचा नाही. फ्यूम हूडची काच खाली ओढायची, सगळ्यांना खोलीबाहेर काढायचं आणि सुरक्षेची जबाबदारी असलेल्या व्यक्तीला बोलवायचं.