लाल दिव्यांत हरवलेला चेहरा

मैफलीच्या व्हिडिओत गायकाचा चेहरा कधी सपाट लाल-जांभळा डाग दिसतो. उजेड मोजताना लाल रंगाचा वाटा जेमतेम २१ टक्के धरला जातो, म्हणून कॅमेऱ्याला दृश्य अंधारं वाटतं. तो एक्स्पोजर वाढवतो आणि लाल चॅनल ओसंडतो. एडिटिंगमध्ये आरजीबी परेड पाहा: लाल पट्टा माथ्याशी सपाट, हिरवा तळाशी. नाकडोळ्यांचा तपशील मात्र हिरव्यात शिल्लक असतो. चॅनल मिक्सरमध्ये लाल आउटपुटला ७० टक्के लाल, ३० टक्के हिरवा द्या. चेहऱ्याला उठाव येतो. मग टिंट किंचित हिरव्याकडे सरकवा. हिरव्यातही दाणेच उरले असतील, तर मात्र इलाज नाही. तेव्हा चित्रीकरणातच एक्स्पोजर हाताने कमी ठेवावं.