‘हॅविंग’ने सुरू होणारे वाक्य

इंग्रजी लेखनात दोन क्रियांपैकी एकीला दुय्यम करायचे असेल, तर तिचे पूर्ण वाक्य न करता तिला धातुसाधिताचे रूप देतात. ‘आफ्टर शी हॅड फिनिश्ड द रिपोर्ट, शी वेंट होम’ या वाक्यातले ‘आफ्टर शी हॅड’ जाते, तिथे ‘हॅविंग’ येते, आणि उरते ‘हॅविंग फिनिश्ड द रिपोर्ट, शी वेंट होम’. उभयान्वयी अव्यय गेले, दुसऱ्यांदा येणारा ‘शी’ गेला आणि काळ दाखवणारे क्रियापदही गेले. आधीची क्रिया पूर्ण झाली, एवढेच ‘हॅविंग’ सांगते. ती काल झाली की उद्या होणार, हे मुख्य क्रियापदावरून कळते.

यात शब्द फार वाचतात असे नाही. अभियंत्याने पंप तपासला, त्याला गळती सापडली, त्याने नवे सील मागवले, ही तीन छोटी वाक्ये इंग्रजीत 14 शब्दांची होतात: ‘दि इंजिनिअर इन्स्पेक्टेड द पंप. ही फाउंड अ लीक. ही ऑर्डर्ड अ न्यू सील.’ ती जोडून ‘हॅविंग इन्स्पेक्टेड द पंप अँड फाउंड अ लीक, दि इंजिनिअर ऑर्डर्ड अ न्यू सील’ असे केले, तरी शब्द 14च. बदलते ते वजन. तपासणी आणि गळती मागे सरकतात आणि सील मागवणे ही मुख्य बातमी ठरते. अहवालात, चरित्रात, बातमीत ही सोय उपयोगी पडते. बोलताना मात्र इंग्रज माणूस सहसा ‘हॅविंग’ने सुरुवात करत नाही. तो सरळ ‘आफ्टर’ किंवा ‘अँड देन’ म्हणतो.

या सोयीची किंमत अशी की गाळलेला शब्द वाचकाला मनाने भरावा लागतो. ‘हॅविंग लॉस्ट द की, शी स्लेप्ट ॲट हर सिस्टर्स’ यात ‘किल्ली हरवल्यावर’ आणि ‘किल्ली हरवल्यामुळे’ हे दोन्ही अर्थ आहेत. इथे ते बिघडत नाही. पण कारण नेमके सांगणे गरजेचे असेल, उदाहरणार्थ विम्याच्या दाव्यात, तर ‘बिकॉज’ लिहिलेलेच बरे.

खरी अडचण गाळलेल्या कर्त्याची. इंग्रजीचा नियम असा की ‘हॅविंग’ची क्रिया मुख्य वाक्याच्या सब्जेक्टने केलेली असते. मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, आणि त्यामागे मराठीचीच सवय आहे. ‘घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला’ हे निर्दोष मराठी वाक्य आहे. ‘-ल्यावर’ला कर्ता एकच असण्याची अट नाही. तेच ‘हॅविंग रीच्ड होम, द रेन स्टार्टेड’ असे लिहिले, की घरी पोहोचतो तो पाऊस.

‘-ऊन’ला अशी मोकळीक नाही, पण ते कोणाला चिकटते ते पाहण्यासारखे आहे. ‘बँकेने अर्ज तपासून कर्ज मंजूर केले’ यात ‘केले’ हे क्रियापद कर्जाप्रमाणे चालते, तरी अर्ज तपासणारी बँकच. ‘अर्ज तपासून कर्ज मंजूर करण्यात आले’ या वाक्यात बँक दिसतही नाही, आणि तरी कोणाचा गोंधळ होत नाही. मराठी ‘-ऊन’ क्रिया करणाऱ्याला शोधते, मग तो वाक्यात कुठेही असो. इंग्रजी ‘हॅविंग’ सब्जेक्टच्या जागी बसलेला शब्द पकडते. म्हणून ‘हॅविंग एक्झॅमिन्ड दि ॲप्लिकेशन, द लोन वॉज सँक्शन्ड’ या वाक्यात अर्ज तपासते ते कर्ज. कार्यालयीन इंग्रजीत कर्मणी प्रयोगाची हौस दांडगी, त्यामुळे ही चूक तिथे जास्त सापडते.

ती ओळखायला सोपी आहे. स्वल्पविरामानंतरचा पहिला कर्ता उचलून ‘हॅविंग’च्या क्रियेपुढे ठेवायचा आणि ‘कर्जाने अर्ज तपासला का?’ असे विचारायचे. उत्तर हास्यास्पद आले, की दुरुस्ती हवी. एक वाट म्हणजे बँकेला सब्जेक्ट करणे: ‘हॅविंग एक्झॅमिन्ड दि ॲप्लिकेशन, द बँक सँक्शन्ड द लोन’. दुसरी म्हणजे ‘आफ्टर’ने पूर्ण उपवाक्य लिहिणे. तिसरी वाट ‘हॅविंग’ला स्वतःचा कर्ता देण्याची: ‘दि ॲप्लिकेशन हॅविंग बीन एक्झॅमिन्ड, द लोन वॉज सँक्शन्ड’. व्याकरणाने ती बरोबर, पण वाक्याला कायद्याच्या दस्तऐवजाचा वास येतो.

मोठ्या लेखकांनीही हा नियम मोडला आहे. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये मृत राजाचे भूत आपल्या मृत्यूची पसरवलेली हकिगत सांगते, तेव्हा व्याकरण काटेकोर लावले तर बागेत झोपलेला ठरतो साप. संदर्भ स्पष्ट असल्याने प्रेक्षक अडत नाही. काही रूपे तर आता या नियमातून सुटलीच आहेत. ‘कन्सिडरिंग’, ‘जजिंग बाय’, ‘जनरली स्पीकिंग’ यांना कोणी कर्ता विचारत नाही. ‘हॅविंग सेड दॅट’ही ‘तरीसुद्धा’ या अर्थाने सर्रास चालते, मग पुढच्या वाक्याचा सब्जेक्ट पाऊस असला तरी.