कोन किती आवळायचा?

तेलाच्या एक्सपेलरच्या इंग्रजी पुस्तिकेत सहसा एक सूचना असते: यंत्र तापेपर्यंत कोन आवळू नये. मराठीत ती एका ओळीत लिहिता येते, पण तेवढ्याने गावातल्या घाणेवाल्याचं काम होत नाही. कोन म्हणजे स्क्रूच्या शेवटाला असलेला निमुळता भाग. तो आवळला की पेंड बाहेर पडायची फट अरुंद होते, आतला दाब वाढतो, तेल जास्त निघतं आणि मोटरवरचा भारही चढतो. मग यंत्र तापलं हे ओळखायचं कसं, आणि किती आवळलं म्हणजे पुरे?

म्हणून ही सूचना हाताच्या कामाच्या क्रमाने लिहावी लागते. कोन सैल ठेवून यंत्र रिकामं सुरू करा. थोड्या शेंगदाण्यात आदल्या दिवशीची पेंड चुरून मिसळा आणि मूठमूठ घाला. आधी पेंड मऊ, जाड आणि तेलकट येते. हा बिघाड नव्हे, यंत्र अजून थंड आहे. पेंडीतून वाफ निघू लागली की कोन थोडा आवळा, पेंड पाहा, मग पुन्हा थोडा. पेंड काळपट पडून जळका वास आला तर लगेच सैल करा. अँपिअर मीटरवर मोटरच्या पाटीवरच्या आकड्यापाशी लाल रेघ ओढून घ्यावी. 10 अश्वशक्तीच्या थ्री-फेज मोटरला तो साधारण 14 असतो. काटा रेघेपलीकडे जाता कामा नये.

‘घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवा’ हे तर जसंच्या तसं उतरवूच नये. कोणत्या बाजूने उभं राहून पाहायचं, हेच त्यात नसतं; शिवाय काही यंत्रांचे आटे उलटे असतात. यंत्रापाशी जाऊन, फिरवून पाहून, मगच ‘पेंडीच्या तोंडासमोर उभं राहून’ अशी सुरुवात करावी. पिठाच्या गिरणीचंही तसंच आहे. दगड रिकामे घासू देऊ नका, एवढंच लिहून भागत नाही. तसे घासले तर पिठात कच उतरते आणि भाकरी दाताखाली कचकचते, हे कारण लिहिलं की सूचना पाळली जाते.

सर्वांत मोठी उणीव विजेची. पुस्तिकेत यंत्र बंद करण्याची रीत असते: माल घालणं थांबवा, आतली पेंड निघू द्या, कोन सैल करा. पण भारनियमनात चालतं यंत्र मध्येच थांबतं आणि आतली पेंड गार होऊन दगडासारखी घट्ट बसते. वीज आल्यावर घाणेवाला स्टार्टर दाबतो, स्क्रू हलत नाही, मोटर नुसती गुरगुरते. पुन्हापुन्हा दाबलं तर वाइंडिंग जळतं. म्हणून अनुवादात हे मोठ्या अक्षरांत घालायलाच हवं: वीज गेली की आधी मेन स्विच बंद करा, पेंड गरम आहे तोवर कोन सैल करा. वीज आली तरी मेन स्विच बंदच ठेवून पुली हाताने फिरवून पाहा. फिरली नाही तर पिंजरा उघडून पेंड खरवडून काढा, त्याआधी स्टार्टरला हात लावू नका.